पोस्टरवर एकच शब्द वाढवायचाय, पण फॉन्ट कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये फ्लेक्स, पोस्टर आणि पत्रिकांचं काम करणाऱ्यांकडे एक काम हमखास येतं. छापलेलं पोस्टर हातात असतं, ओपन फाइल कुणाकडेच नसते, आणि एखादा शब्द वाढवायचा किंवा बदलायचा असतो. पाहुण्यांचं नाव बदलतं, तारीख पुढे जाते, कार्यक्रम गोदाघाटावरून सभागृहात हलतो. अशा वेळी जुन्या अक्षरांशी जुळणारा फॉन्ट शोधायचा कसा, यावर नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. भर मुख्यतः मथळ्याच्या मोठ्या अक्षरांवर आहे.

एकच तर शब्द आहे. कुठलाही जाड फॉन्ट लावला तर कुणाला कळणार?

फॉन्टचं नाव कुणाला कळणार नाही, पण काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना कळेल. देवनागरीत पूर्ण शब्द एका रेषेला लटकलेला असतो. दोन शब्द शेजारी आले की डोळा आधी त्या दोन रेषा जोडून बघतो. एक रेष दुसरीपेक्षा थोडी जरी जाड असली तरी नवा शब्द ठिगळ लावल्यासारखा दिसतो. मजकूर बारीक असेल तर हे खपून जातं. मथळ्यात मात्र नाही, कारण तिथे रेषेची जाडी बोटाएवढी असते आणि फरकही त्याच मापाने मोठा होतो.

अक्षरं तपासायच्या आधी काही सोपा मार्ग आहे का?

आहे. ज्याने पोस्टर केलं त्याला फोन करा आणि ओपन फाइल मागा. ती नसेल तर प्रेसला गेलेली पीडीएफ मागा. ती ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून `Ctrl+D` दाबलं की डॉक्युमेंटची माहिती येते आणि तिथल्या `Fonts` या टॅबमध्ये वापरलेल्या फॉन्टची नावं दिसतात. तिथे `ABCDEF+Mukta-Bold` असं काही दिसलं तर अधिक चिन्हाच्या आधीची सहा अक्षरं सोडून द्यायची. त्या पीडीएफमध्ये फॉन्टचा फक्त वापरलेला भाग भरलेला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणूनच फॉन्टचं नाव कळलं तरी त्या पीडीएफमधून नवा शब्द टाइप होत नाही. पूर्ण फॉन्ट वेगळा घ्यावाच लागतो.

आपल्याकडे प्रेसला फाइल देताना बहुतेक जण सगळं कर्व्हमध्ये कन्व्हर्ट करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून देतात. मग ही यादी रिकामी येते. तरीही ती पीडीएफ फोटोपेक्षा कितीतरी बरी, कारण कडा स्वच्छ मिळतात आणि मापं नेमकी घेता येतात.

सुरुवात शिरोरेषेपासून का करायची? तिच्यात नेमकं काय बघायचं?

शिरोरेषा प्रत्येक शब्दात असते, म्हणून ती कधीही तपासता येते. गाठीचं तसं नाही. मथळ्यात म किंवा भ नसेल तर त्यांची गाठ बघायला मिळणारच नाही.

पहिली गोष्ट, जाडी. ती मिलिमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, कान्याच्या जाडीशी ताडून मोजा. कान्याची उभी रेघ आणि शिरोरेषा सारख्याच जाड आहेत, की शिरोरेषा बारीक आहे? साध्या, एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्येही शिरोरेषा बहुधा कान्यापेक्षा किंचित बारीक ठेवलेली असते, कारण आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. हे ‘किंचित’ फॉन्टागणिक वेगळं असतं आणि ओळखीची पहिली खूण तेच असतं.

दुसरी गोष्ट, टोकं. शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी रेष सरळ कापलेली आहे, तिरकी कापलेली आहे, की गोल केलेली आहे? इथे दिशाभूल होऊ शकते, कारण फ्लेक्सवर शाई थोडी पसरते आणि सरळ टोकाचा कोपराही मऊ दिसतो. म्हणून सगळ्यात मोठ्या अक्षराचं टोक बघा आणि दोन्ही कोपरे तपासा. फॉन्टच गोल असेल तर दोन्ही कोपऱ्यांची गोलाई एकसारखी असते आणि ती च, ग, त यांच्या आतल्या टोकांनाही दिसते.

तिसरी गोष्ट, रेष कान्याच्या पुढे किती जाते. ‘नाशिकचा’ या शब्दाच्या शेवटी काना आहे. काही फॉन्टमध्ये रेष कान्याच्या उजव्या कडेलाच संपते, काहींत थोडी पुढे डोकावते. हा फरक बारीक आहे, पण शब्दामागे शब्द ठेवताना तोच नडतो.

रेषेत फटी असतील तर त्याला फॉन्टची खूण समजू नका. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडं चढतं. कुणी अक्षरांमधलं अंतर वाढवलं की तुकडे सुटतात. नवा शब्द लावताना हीच चूक पुन्हा करू नका. अंतर वाढवायचं तर ते शब्दांमध्ये वाढवा, अक्षरांमध्ये नाही.

गाठी आणि वाट्या म्हणजे कुठल्या अक्षरांत काय शोधायचं?

यांचे दोन गट करा. व, ब, क, ठ यांची मोठी बंद पोटं ही वाट्या. म, भ, थ, ध, श यांच्यातली छोटी वळणं या गाठी.

वाटीचा आकार बघायला ठ सारखं दुसरं अक्षर नाही. कान्याचा एक तुकडा आणि खाली पूर्ण वर्तुळ, एवढंच ते अक्षर. वर्तुळाची रुंदी आणि उंची मोजा. जवळजवळ सारखी असतील तर फॉन्ट भौमितिक घडणीचा आहे. उंची जास्त असेल तर एकतर फॉन्ट अरुंद आहे किंवा हाताच्या वळणातून आलेला आहे. बाजू सपाट असतील तर तो चौकोनी घराण्यातला. ठ नसेल तर व घ्या, पण व ची वाटी कान्याला चिकटते, त्यामुळे तिथे मोजण्याऐवजी जोड बघा. वाटी कान्याला जिथे मिळते तिथे रेघ बारीक होत जाते, की पूर्ण जाडीनेच येऊन धडकते?

गाठीत प्रश्न एकच, आत पांढरं दिसतं का. म ची डावीकडची गाठ तीन प्रकारे काढलेली दिसते. खरीखुरी उघडी गाठ, जिच्या आत छोटी मोकळी जागा असते. भरलेली गाठ, जी नुसत्या ठिपक्यासारखी दिसते. आणि गाठच नाही, फक्त कोपरा किंवा वळण. एकाच घराण्यात बारीक वजनात गाठ उघडी आणि जाड वजनात भरलेली असंही होतं. त्यामुळे गाठ ताडून बघताना वजन जवळपास सारखं घ्या, नाहीतर बरोबर फॉन्ट हातातून निसटतो.

एक्‌टाइप या संस्थेचा मोदक नावाचा फॉन्ट हे याचं टोकाचं उदाहरण. त्यात अक्षर एवढं फुगवलेलं आहे की पोटातली पांढरी जागा नुसती फट होऊन उरते. तो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. अडचण येते ती मधल्या फॉन्टमध्ये.

जाड-बारीक कसं ओळखायचं? माझ्या डोळ्याला सगळंच जाड दिसतं.

एका अक्षरातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक जागा शोधा आणि भागाकार करा. उत्तर एकाच्या आसपास आलं तर फॉन्ट एकसारख्या जाडीचा. दोनच्या पुढे गेलं तर जाड-बारीक हा त्याचा स्वभाव आहे. तीन-चारच्या पुढे गेलं तर रोझा वनसारखा मुद्दाम मथळ्यासाठी केलेला फॉन्ट असण्याची शक्यता धरा.

बारीक जागा कुठे पडते हे त्याहून महत्त्वाचं. देवनागरी लिहायच्या बोरूचं टोक इंग्रजी सुलेखनाच्या निबेच्या उलट बाजूला तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे व च्या वाटीत वरची डावी बाजू जाड येते आणि खालची डावी बाजू बारीक होते. र ची खाली उजवीकडे जाणारी शेपटीही बारीक निघते. ही ठेवण दिसली की फॉन्ट बोरूच्या वळणाचा. अशा फॉन्टमध्ये अनुस्वारही बऱ्याचदा गोल नसतो, तिरक्या चौकटीसारखा असतो, कारण बोरू टेकवला की तसाच ठसा उमटतो.

यात्रा वन हा फॉन्ट मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे आणि जैनी हा जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून. दोन्हींत बोरू दिसतो, तरी एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. पाटी ही पाटीसारखी दिसते आणि पोथी पोथीसारखी.

याउलट उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक, पण तिरकेपणा कुठेच नाही, असं दिसलं तर दोन शक्यता आहेत. फॉन्टच तसा असेल, किंवा कुणीतरी साधा फॉन्ट आडवा ओढलेला असेल. दुसरी शक्यता आपल्या शहरात जास्त.

फॉन्ट ओढलेला आहे हे कसं पकडायचं?

अनुस्वार बघा. बाकीच्या घडणीवरून अनुस्वार गोल असायला हवा असं वाटत असताना तो आडवा अंडाकृती दिसला, तर शब्द ओढलेला आहे. आडवं ओढलं की उभ्या रेघा रुंद होतात, आडव्या तशाच राहतात. म्हणजे कान्याची जाडी वाढते आणि शिरोरेषेची वाढत नाही. किती ओढलंय तेही याच ठिपक्यावरून निघतं. रुंदी १२ आणि उंची १० भरली तर शब्द १२० टक्के ओढलेला. नवा शब्दही आधी मूळ मापात लावून तेवढाच ओढावा लागतो. मला ओढलेली अक्षरं मुळीच आवडत नाहीत, पण अर्धं पोस्टर ओढलेलं आणि नवा शब्द सरळ, हे त्याहून वाईट दिसतं.

दुसरी सवय म्हणजे अक्षराला त्याच रंगाची आऊटलाइन देऊन जाड करणं. याची खूण गाठींत सापडते. आऊटलाइन सगळीकडे सारखीच वाढते, म्हणून शिरोरेषा आणि काना यांच्या जाडीतला फरक टक्क्यांनी कमी होतो, गाठी बुजतात, आणि सेटिंग तसं असेल तर बाहेरचे कोपरे गोल होतात. फॉन्टकाराने स्वतः केलेल्या बोल्डमध्ये गाठीला जागा करून दिलेली असते. आऊटलाइनच्या बोल्डमध्ये ती जागा नुसती खाल्ली जाते.

हिंद, पॉपिन्स, मुक्ता, बालू २ हे चारही मला सारखेच दिसतात. फरक काय?

ते सारखे दिसण्याला कारण आहे. चारही जवळपास एकसारख्या जाडीचे आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, म्हणून नाशिकच्या निम्म्या फ्लेक्सवर यांच्यापैकीच कुणीतरी असतं.

बालू २ आधी वेगळा काढा. त्याची वळणं आणि कोपरे मऊ आहेत, अक्षर गुबगुबीत आहे. पॉपिन्सची घडण भौमितिक आहे, त्यामुळे ठ आणि व ची पोटं वर्तुळाकडे झुकतात. हिंद हा हाताच्या वळणाच्या जवळचा, पण त्याच्या बहुतेक रेघांची टोकं आडवी किंवा उभी सपाट कापलेली असतात, तिरकी नाहीत. मुक्ताही हाताच्या वळणाच्या बाजूचा. हिंद आणि मुक्ता यांच्यात घोटाळा झाला तर नुसतं आठवून ठरवू नका. दोन्हींत तोच शब्द टाइप करून च आणि ग ची टोकं पोस्टरशेजारी ठेवा, मिनिटात निकाल लागतो.

आणि टेको, राजधानी, खंड?

हे अरुंद मथळ्याचे फॉन्ट. टेको आणि राजधानी दोन्ही चौकोनी, वाट्यांच्या बाजू सपाट. राजधानीच्या रेघांच्या टोकांचे कोपरे किंचित गोल आहेत, टेकोचे तसे नाहीत. खंडमध्ये पोटं दाबलेली आहेत पण वळण टिकून आहे.

एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवता का?

पावसाळ्यातलं एक काम घेऊ. गोदाघाटावर होणाऱ्या कार्यक्रमाचं पोस्टर, मथळा ‘गोदाकाठ काव्यवाचन’. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, आणि कार्यक्रम सभागृहात न्यायचं ठरलं. त्याच मथळ्याच्या ओळीखाली, त्याच अक्षरांत ‘स्थळबदल’ हा शब्द हवा होता. हातात फक्त छापलेलं पोस्टर.

आधी बघितलं, नव्या शब्दातली कुठली अक्षरं जुन्या मथळ्यात आहेत. द जसाच्या तसा आहे. ब ला व चा आधार मिळतो, कारण वाटी तीच, आत फक्त आडवी रेघ. थ साठी य ची खालची वळणं उपयोगी. स, ळ आणि ल यांना मथळ्यात कुणीच भाऊबंद नाही. पण खालच्या बारीक ओळीत ‘शनिवारी सायंकाळी’ आणि ‘सर्वांसाठी खुला’ असं होतं, म्हणजे स, ळ, ल तिघेही तिथे सापडले. ती ओळ हलक्या वजनात होती, म्हणून तिथून अक्षरं उचलून मोठी करणं शक्य नव्हतं. आकार कळण्यापुरता तिचा उपयोग.

पोस्टर स्कॅन केलं, कोरल ड्रॉमध्ये घेतलं, आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या तळापर्यंतची उंची बरोबर १०० मिलिमीटर होईल एवढं मोठं केलं. हे करून ठेवलं की पुढची प्रत्येक जाडी थेट टक्क्यांत वाचता येते. काना उंचीच्या साधारण सहाव्या भागाएवढा जाड होता, शिरोरेषा त्याहून किंचित बारीक, टोकं सरळ कापलेली. कोपरे गोल नव्हते, म्हणून बालू २ बाद. जाड-बारीक नावापुरतंच, म्हणून बोरूच्या वळणाचे सगळे फॉन्ट बाद.

उरले हिंद, मुक्ता आणि पॉपिन्स. मथळ्यात ठ होता हे नशीब. त्याचं पोट जवळजवळ गोल निघालं. इथे लगेच पॉपिन्स म्हणून मोकळं व्हायचं नसतं, कारण दुसरा फॉन्ट आडवा ओढला तरी लांबट पोट गोल होऊ शकतं. बारीक ओळीतल्या ‘सायंकाळी’चा अनुस्वार तपासला, तो स्वच्छ गोल होता. पण ती ओळ वेगळी, मथळा वेगळा ओढलेला असू शकतो. मथळ्यात शिरोरेषा आणि काना यांच्यातला फरक किंचितच होता. ओढलेल्या शब्दात तो वाढलेला दिसला असता. तेव्हा पॉपिन्सवर बोट ठेवलं.

मग वजन. पॉपिन्सची नऊ वजनं आहेत आणि सेमीबोल्ड की बोल्ड हे नजरेने ठरत नाही. ‘काठ’ हा तुकडा दोन्हींत टाइप केला, उंची १०० मिलिमीटर केली, लाल रंग दिला, निम्मा पारदर्शक केला आणि स्कॅनवर ठेवला. बोल्डमध्ये काळ्या अक्षराच्या बाहेर सगळीकडून लाल कड उरली. सेमीबोल्डमध्ये कान्याच्या दोन्ही कडा बसल्या आणि ठ च्या पोटातली पांढरी जागाही तंतोतंत जुळली. आतली पांढरी जागा जुळणं हा खरा पुरावा. बाहेरची कड शाई पसरल्याने हलते, पण फॉन्ट चुकला असेल तर आतली जागा आकारानेच वेगळी दिसते.

नवा शब्द लावताना पॉइंटच्या आकड्यावर भरवसा ठेवला नाही. पोस्टर कुठल्या मापात झालं होतं हे माहीतच नव्हतं. उंचीवरून मागे जायचं. समजा १०० पॉइंटला काना २५ मिलिमीटर भरला आणि छापील पोस्टरवर तो ४० मिलिमीटर आहे, तर ४० भागिले २५ गुणिले १००, म्हणजे १६० पॉइंट.

शेवटी ल ने अडवलं, त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

फॉन्ट बरोबर आहे, तरी ल आणि श वेगळे का येतात?

कारण या दोन अक्षरांची मराठी आणि हिंदी रूपं वेगळी आहेत. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, तर हिंदीत उभ्या दंडाचा ल आणि वेगळ्या गाठीचा श. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ही रूपं ठरवून दिली आहेत. पण अनेक फॉन्टमध्ये पहिलं रूप हिंदीचं असतं आणि मराठी रूप आत ठेवलेलं असतं. मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच ते बाहेर येतं.

फॉन्टमध्ये मराठी रूप आहे का हे ब्राउझरमध्ये चटकन बघता येतं. फॉन्ट कॉम्प्युटरवर टाकून ठेवा आणि ही दोन ओळींची फाइल उघडा. `font-family` मध्ये तुमच्या फॉन्टचं नाव घाला.

```html
<meta charset="utf-8"><p lang="mr" style="font-family:Poppins">ल श</p>
<p lang="hi" style="font-family:Poppins">ल श</p>
```

दोन ओळी वेगळ्या दिसल्या तर मराठी रूप आहे. सारख्याच दिसल्या तर त्या फॉन्टात एकच रूप आहे, आणि ते कुठलं हे समोरच दिसतं. ब्राउझरमध्ये फरक दिसतो पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही असं झालं, तर कॅरेक्टरच्या सेटिंगमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी करून बघा.

आता पोस्टरवर कुठला ल लावायचा? नवं पोस्टर असेल तर मी पाकळीच्या ल शिवाय दुसरा लावत नाही. जुन्या पोस्टरवर शब्द वाढवताना मात्र जो ल आधीपासून छापलेला आहे तोच लावावा. वरच्या कामात ‘खुला’मधला ल दंडाचा होता, म्हणून ‘स्थळबदल’मध्येही दंडाचाच गेला. एका पोस्टरवर दोन प्रकारचे ल असले की फॉन्ट एक असूनही दोन वाटतात.

‘स्थ’ टाइप केलं की स चा पाय मोडून थ वेगळा दिसतो. फॉन्ट खराब आहे का?

बहुधा नाही. सॉफ्टवेअरला जोडाक्षर बांधता येत नाहीये. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमधून दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडावा लागतो. तो निवडला नाही तर पाय मोडलेला दिसतो आणि पहिली वेलांटीही अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते.

जुनं पोस्टर श्री-लिपीत केलेलं आहे. त्याचं काय?

श्री-लिपी, आयएसएम, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये युनिकोड नसायचं. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. म्हणून असा मजकूर कॉपी केला की भलतंच काहीतरी उमटतं आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्या फॉन्टला देऊन उपयोग होत नाही. त्या फॉन्टची नावंही बऱ्याचदा नुसते आकडे असतात. ज्याच्याकडे ते सॉफ्टवेअर अजून चालू आहे त्याच्याकडून हवा तो शब्द टाइप करून, कर्व्हमध्ये कन्व्हर्ट करून आणणं हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग. भद्रकाली-शालिमार भागात आणि नाशिकरोडला जुन्या डीटीपीवाल्यांकडे ते अजून सापडतं. अक्षरांच्या खुणा तपासायची पद्धत मात्र तीच.

कर्व्ह करून आणलेल्या शब्दात शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले राहतात. त्यावर बाहेरून आऊटलाइन दिली की प्रत्येक सांधा दिसतो आणि अक्षर पारदर्शक केलं तर काही सॉफ्टवेअरमध्ये सांध्यावर गडद पट्टे पडतात. आधी वेल्ड करून सगळा शब्द एकसंध करा, मग आऊटलाइन. युनिकोड फॉन्टलाही हेच लागू.

मथळा फॉन्टमध्ये नाहीच, सुलेखनकाराने काढलेला आहे. तो कसा ओळखायचा?

एकच अक्षर दोनदा आलेलं शोधा. ‘काव्यवाचन’मध्ये काना दोनदा आणि व ची वाटी दोनदा येते. फॉन्ट असेल तर दोन्ही काने एकमेकांवर ठेवल्यावर तंतोतंत बसतात. हाताने काढलेलं असेल तर जाडीत, टोकात, वळणात फरक दिसतोच. तसं निघालं तर फॉन्ट शोधत बसू नका. शक्य असेल तर त्याच कलाकाराकडून शब्द करून घ्या. ते जमत नसेल तर जुन्या अक्षरांच्या वाट्या, काने, शेपट्या कापून नवी अक्षरं बांधण्याऐवजी नवा शब्द सरळ वेगळ्या पट्टीवर, साध्या फॉन्टमध्ये घ्या. जोडून बांधलेलं अक्षर पहिल्या नजरेला जमल्यासारखं वाटतं, पण त्यातला बोरूचा वेग तुटलेला असतो आणि जाणकाराला ते लगेच खटकतं.

मोबाइलच्या फोटोवरून हे सगळं जमेल का?

घराणं ओळखण्यापुरतं जमेल, वजन ठरवण्यापुरतं नाही. फ्लेक्स उंचावर असतो, फोटो खालून निघतो, आणि वरची शिरोरेषा खालच्या भागापेक्षा आक्रसते. निदान लांब उभं राहून झूम करून काढा, म्हणजे तिरकेपणा कमी येतो. फ्लेक्सची चौकट फोटोत पूर्ण येऊ द्या, मग सॉफ्टवेअरमध्ये ती काटकोनात आणता येते.

नेमका फॉन्ट मिळालाच नाही तर जवळचा कसा निवडायचा?

माझा क्रम असा. आधी कान्याची जाडी जुळवा, मग शिरोरेषेची, मग वाटीचा आकार, आणि गाठी सगळ्यात शेवटी. ओळखताना गाठी फार कामाच्या असतात, पण लांबून वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. त्याला दिसतो तो शब्दाचा एकूण काळेपणा आणि वरची रेष. शिरोरेषा थोडी जाड किंवा बारीक असेल तर शब्द कर्व्ह करून तेवढी सुधारता येते. रेषेची वरची कड धरून ठेवा आणि फक्त खालची कड हलवा. वाट्या मात्र हाताने सुधारायला जाऊ नका. व ची केली की क ची करावी लागते आणि त्याला अंत नाही.

तरीही जुळत नसेल तर उघड वेगळेपणा बरा. मथळा बोरूच्या वळणाचा असेल तर नवा शब्द एकसारख्या जाडीच्या साध्या फॉन्टमध्ये, वेगळ्या रंगात घ्या. जवळजवळ सारखा फॉन्ट सगळ्यात वाईट, कारण तो चूक वाटतो.

फॉन्ट जुळला, तरी शब्द खाली-वर वाटतो. का?

बहुधा तुम्ही तळ जुळवलाय. देवनागरी शब्द शेजारी ठेवताना शिरोरेषेची वरची कड जुळवायची. फ्लेक्सला पाठवण्याआधी नवा शब्द आणि त्याच्या शेजारचं जुनं एक अक्षर, एवढाच तुकडा खऱ्या मापात ए-फोर कागदावर काढा. मोठा असेल तर दोन कागद जोडा. तो लावलेल्या पोस्टरवर धरा आणि रस्त्याच्या पलीकडून बघा. जवळून दिसणारा अर्धा मिलिमीटरचा फरक तिथून दिसत नसेल, तर त्याच्यामागे लागू नका. तिथूनही रेष तुटल्यासारखी वाटली, तर मात्र पुन्हा वजन तपासा.